शेवटचा कागद की दोन्ही बाद?

खरेदीदाराच्या ऑर्डरवर छापलेलं असतं: ‘संपूर्ण नुकसानभरपाई’. विक्रेत्याच्या कन्फर्मेशनवर: ‘जबाबदारी मालाच्या किमतीपुरती’. कोणी काही बोलत नाही, माल पोहोचतो, खरेदीदार तो स्वीकारतो. माल १ लाख युरोचा. तो सदोष निघाल्याने नुकसान ४ लाखांचं. कोणाची अट लागू?

देशादेशांतल्या मालविक्रीला लागू होणाऱ्या १९८०च्या व्हिएन्ना करारातलं कलम १९ शब्दशः वाचलं, तर जबाबदारीची मर्यादा हा महत्त्वाचा बदल ठरतो. म्हणजे विक्रेत्याचं कन्फर्मेशन स्वीकृती नसून प्रतिप्रस्ताव, आणि माल घेणं ही त्याची मान्यता. हा ‘शेवटचा कागद’ सिद्धांत. इथे खरेदीदाराला फार तर १ लाख मिळतात. उत्तर नेमकं मिळतं, पण कोणी न वाचलेला कागद केवळ शेवटी आला म्हणून जिंकतो. मला हे अन्याय्य वाटतं.

दुसऱ्या वाटेने, दोघांनी करार पाळायला घेतला म्हणजे करार झालाच. परस्परविरोधी अटी मात्र दोन्हीकडच्या गळतात आणि ती जागा व्हिएन्ना कराराचे नियम भरतात. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००२मध्ये दूध पावडरीच्या खटल्यात याच बाजूने कौल दिला. मग कलम ७४ लागू: नफ्याच्या नुकसानीसह पूर्ण भरपाई, पण करार करताना विक्रेत्याला अंदाज येऊ शकत होता तेवढीच. तो अंदाज सिद्ध झाला तर ४ लाख. मात्र दोष वाजवी मुदतीत कळवला नसेल, तर कलम ३९मुळे सहसा दोन्ही वाटांनी हात रिकामेच.