दोन इमारतींमध्ये फायबर मीडिया कन्व्हर्टर: काही महिने वापरल्यानंतर

आमच्या दोन इमारतींमधलं अंतर केबलच्या वाटेने मोजलं तर साधारण 140 मीटर भरतं. कॉपरची मर्यादा 100 मीटर, त्यातही 90 मीटर पक्की केबल आणि उरलेले 10 मीटर दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्डसाठी. आधीची कॅट 6 केबल चालायची, पण लिंक मध्येच गिगाबिटवरून 100 मेगाबिटवर घसरायची आणि स्विचच्या पोर्टवर सीआरसी एरर, म्हणजे वाटेत बिघडलेल्या डेटाचे आकडे, वाढत राहायचे. म्हणून सिंगल मोड फायबर टाकून दोन्ही टोकांना कॉपरचा सिग्नल प्रकाशात आणि प्रकाश परत सिग्नलमध्ये बदलणारे गिगाबिट मीडिया कन्व्हर्टर बसवले. तेव्हापासून एररचा आकडा शून्यावरच आहे.

आमची जोडी एकाच फायबरवर चालणारी आहे. एक टोक 1310 नॅनोमीटरवर पाठवतं आणि 1550 वर ऐकतं, दुसरं नेमकं उलट. त्यामुळे घेताना ए आणि बी अशी जोडीच घ्यावी लागते. दोन्ही ए असतील तर लिंक लागणारच नाही. एवढ्याशा अंतरासाठी 40 किंवा 80 किलोमीटरचं मॉडेल मात्र घेऊ नका. त्याचा जोरदार प्रकाश समोरच्या रिसीव्हरला झेपत नाही, मग मध्ये प्रकाश कमी करणारा अटेन्युएटर लावावा लागतो.

खरी गोष्ट वापरताना कळली, ती लिंक फॉल्ट पास-थ्रू म्हणजे एलएफपीची. एकदा पलीकडच्या कन्व्हर्टरचा पॉवर अडॅप्टर गेला. अलीकडच्या कन्व्हर्टरवर फायबरचा दिवा विझला, पण कॉपरचा हिरवा तसाच राहिला. कारण स्विच ते कन्व्हर्टर हा तुकडा ठणठणीत होता. स्विचच्या लेखी पोर्ट चालू, त्यामुळे अलार्म आला नाही, आणि पलीकडचे लोक मात्र नेटविना बसलेले. आता दोन्ही कन्व्हर्टरवरच्या छोट्या डिप स्विचने एलएफपी चालू केलं आहे. फायबर तुटलं किंवा समोरचं टोक बंद पडलं की कॉपरची बाजूही पाडली जाते आणि स्विचला लगेच कळतं.

याची एक बाजू अशी की बिघाड शोधताना एलएफपी बंद करावं. नाहीतर एका टोकाची नुसती कॉपर कॉर्ड निघाली तरी सगळे दिवे विझतात, आणि दोष नक्की कुठल्या तुकड्यात आहे ते दिव्यांवरून सांगताच येत नाही. बंद केल्यावर प्रत्येक दिवा फक्त आपापल्या तुकड्याबद्दल बोलतो. कनेक्टरही आधी पुसून घ्यावा. टोकावरच्या धुळीनेही प्रकाश कमी पोहोचतो.

विजेच्या दिवसांत फायबरचा मोठा आधार वाटतो, कारण काचेतून दोन इमारतींच्या अर्थिंगमधल्या फरकामुळे येणारा प्रवाह वाहत नाही. तेवढ्यासाठी केबल पूर्ण अधातू घ्या. आर्मर्ड असेल तर तिचं पोलाद हा वाहकच आहे, ते दोन्ही इमारतींना जोडलं की फायबर टाकण्याचा हा फायदा गेलाच. आणि विजेचा झटका अडॅप्टरमधूनही आत येतो, तिथे सर्ज प्रोटेक्टर हवाच. छोटा यूपीएस मी दोन्ही टोकांना जोडला आहे.