अॅडव्हर्स इव्हेंट प्रत्येक व्हिजिटच्या पानावर की एकाच लॉगमध्ये?

नव्या ट्रायलचा सीआरएफ, म्हणजे प्रत्येक पेशंटची माहिती भरायचा फॉर्म, आखायला बसलं की हा प्रश्न येतोच. प्रत्येक व्हिजिटच्या पानाखाली अॅडव्हर्स इव्हेंटचा, म्हणजे ट्रायलदरम्यान पेशंटला झालेल्या त्रासाचा, तक्ता द्यायचा, की फाइलच्या शेवटी पेशंटमागे एकच लॉग ठेवून त्यात इव्हेंट पहिल्या दिवसापासून बरा होईपर्यंत चालू ठेवायचा? दोन्ही पद्धतींत केस पेपर तोच असतो, पण त्यातून निघणारी संख्या बदलते.

क्षयरोगाच्या औषधांची ट्रायल घेऊ आणि एक पेशंट कल्पू. औषध १ जुलैला सुरू झालं, तेव्हा यकृताला इजा झाली की वाढणारं एएलटी ३२ होतं आणि लॅबची वरची मर्यादा ४०. १५ जुलैच्या केस पेपरवर लिहिलंय, ‘तीन दिवसांपासून मळमळ. एएलटी १४८.’ २९ जुलैला, ‘मळमळ वाढली, दोनदा उलटी, डोळे पिवळे, एएलटी २६०. औषध बंद, अॅडमिट केलं.’ १२ ऑगस्टला मळमळ थांबलेली, एएलटी ६१. २६ ऑगस्टला ३६.

व्हिजिटवार पानांवर हे उतरवा. पहिल्या पानावर मळमळ आणि वाढलेलं एएलटी, दुसऱ्यावर मळमळ, उलटी, कावीळ आणि पुन्हा एएलटी, तिसऱ्यावर परत एएलटी. एका आजाराच्या सात नोंदी झाल्या. त्याहून वाईट म्हणजे सुरुवातीच्या तारखेच्या रकान्यात हात आपोआप व्हिजिटची तारीख लिहितो. मळमळ १२ जुलैला सुरू झाली होती, पानावर १५ आणि २९ पडते. नोंदी तपासायला आलेला मॉनिटर केस पेपर उघडून बसला की क्वेरींची रांग लागते आणि महिन्याभरानंतर कोणती मळमळ कुठली हे कोणालाच सांगता येत नाही.

लॉगमध्ये १५ जुलैला दोन ओळी उघडतात, मळमळ आणि वाढलेलं एएलटी. २९ तारखेला इन्व्हेस्टिगेटर निदान करतात, औषधामुळे झालेला हिपॅटायटिस. मग दोन्ही ओळींवर एकेक सरळ रेघ, शेजारी सही-तारीख, जुनं लिखाण वाचता येईल असं, आणि निदानाची एकच नवी ओळ. सुरुवात १२ जुलै, शेवट २६ ऑगस्ट. एएलटी मर्यादेच्या साडेसहा पट गेलं, म्हणून सीटीसीएई या तीव्रतेच्या ठरावीक मोजपट्टीने ग्रेड ३. औषध बंद केलं, पेशंट बरा झाला. लक्षणं निदानात कधी विरघळवायची आणि तेव्हा सुरुवात कुठून धरायची, हा नियम सीआरएफ भरण्याच्या सूचनांमध्ये आधीच लिहून ठेवा. नाहीतर प्रत्येक सेंटर आपापला नियम लावतं.

याच ओळीत ‘गंभीर’ हा वेगळा रकाना हवा. ग्रेड म्हणजे त्रास किती तीव्र. गंभीर ठरतं ते मृत्यू, जिवाला धोका, अॅडमिट करावं लागणं, कायमचं अपंगत्व अशा निकषांवर. इथे अॅडमिशनमुळे ‘हो’. शेजारी ‘कधीपासून गंभीर’ अशी तारीख आवर्जून ठेवा. भारतात २०१९ च्या नियमांनुसार इन्व्हेस्टिगेटरने चोवीस तासांत नियामक, स्पॉन्सर आणि एथिक्स कमिटीला कळवायचं असतं. ओळीवर नुसती १२ जुलै दिसली, तर रिपोर्ट सतरा दिवस उशिरा गेला असं वाटतं. कोऑर्डिनेटरने फक्त केस पेपरवरचं उतरवायचं. गंभीर की नाही, औषधाशी संबंध आहे की नाही, हे डॉक्टरांनी ठरवून सही करायची.

लॉगची एक उणीव खरी आहे. तो कोरा दिसला तर पेशंटला त्रास झालाच नाही, की कोणी विचारलंच नाही, हे कळत नाही. व्हिजिटवार पान निदान दर वेळी विचारायला भाग पाडतं. म्हणून मी प्रत्येक व्हिजिटच्या पानावर एकच प्रश्न ठेवते, ‘मागच्या व्हिजिटनंतर काही नवा त्रास, किंवा जुन्यात बदल?’ हो किंवा नाही. ‘हो’ असेल तर लॉगमधल्या ओळीचा क्रमांक. तपशील लॉगमध्येच.

लशीच्या ट्रायलमध्ये मात्र मी वेगळं सांगेन. टोचल्यानंतर सात दिवस ताप, सूज, दुखणं ठरवून विचारायचं असतं आणि कोणत्या दिवशी किती हेच हवं असतं. तिथे दिवसवार तक्ता बरोबर आहे. त्या यादीबाहेरचं काही झालं तर ते लॉगमध्ये.

लॉग निवडलात तर भरून झाल्यावर चालू औषधांच्या पानाशी ताडून बघा. आपल्या पेशंटला १५ जुलैला मळमळीवरचं ऑन्डान्सेट्रॉन दिलंय आणि लॉगमध्ये मळमळ कुठेच नाही, तर नोंद सुटली आहे. केस पेपरवर ‘मागच्या आठवड्यापासून’ एवढंच असेल, तर पेशंटला फोन करून तारीख विचारा आणि ते उत्तर केस पेपरवर आजच्या तारखेने लिहा. आठवत नसेल तर दिवसाच्या जागी ‘अज्ञात’ लिहून महिना तेवढा भरा.