पॅनचे कीफ्रेम टाकून आवाज चालवणं : काही महिन्यांच्या वापरानंतर

मुंबईच्या रस्त्यांवरचे छोटे माहितीपट मी एडिट करते, तेही घरी, डाव्हिन्ची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीवर. चित्रात गाडी डावीकडून उजवीकडे जाते आणि आवाज मात्र मधेच बसून राहतो, हे मला बरेच दिवस खटकत होतं. आवाज डावीकडे-उजवीकडे नेणारं बटण म्हणजे पॅन, आणि कुठल्या फ्रेमला त्याचा आकडा किती असावा हे ठरवणारी खूण म्हणजे कीफ्रेम. म्हणून गेले काही महिने जवळजवळ प्रत्येक कामात पॅनला कीफ्रेम लावून पाहिले. निकाल आधीच सांगते: गाड्यांसाठी ही सोय उत्तम आहे, चालणाऱ्या माणसाच्या पावलांसाठी चांगली आहे, आणि संवादासाठी जवळजवळ निरुपयोगी.

कीफ्रेम टाकणं सोपं आहे. क्लिप निवडायची, `Inspector` मध्ये `Audio` वर जायचं, `Pan` समोरच्या हिऱ्याच्या आकाराच्या कीफ्रेम-खुणेवर क्लिक करायचं, प्लेहेड पुढे न्यायचं आणि आकडा बदलायचा. उणे १०० म्हणजे पूर्ण डावीकडे, १०० म्हणजे पूर्ण उजवीकडे, शून्य म्हणजे मध्यभागी. मिक्सरमधला पॅन चालू प्लेबॅकमध्ये हाताने फिरवून ऑटोमेशन लिहिता येतं, पण मी क्लिपवरचेच कीफ्रेम वापरते. एडिट करताना क्लिप मागेपुढे सरकवली की कीफ्रेमही तिच्याबरोबर सरकतात.

खरी गोम त्याआधीच्या पायरीत आहे. तुमच्या हातातला आवाज एका चॅनेलचा मोनो आहे की दोन चॅनेलचा स्टिरिओ, हे पहिल्यांदा बघा. बऱ्याच एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये स्टिरिओ क्लिपवरचं हे बटण पॅन करतच नाही, बॅलन्स करतं. म्हणजे उजवीकडे नेलं की डाव्या चॅनेलचा आवाज उजवीकडे येत नाही, तो फक्त कमी कमी होत बंद पडतो. तपासायला दोन मिनिटं लागतात: फक्त डाव्या चॅनेलमध्ये टाळीचा आवाज असलेली स्टिरिओ क्लिप घ्या आणि पॅन पूर्ण उजवीकडे न्या. टाळी उजव्या कानात ऐकू आली तर पॅन, गायब झाली तर बॅलन्स. त्यातून रस्त्यावर स्टिरिओ माइकने टिपलेली गाडी मुळातच डावीकडून उजवीकडे गेलेली असते. तिच्यावर पुन्हा कीफ्रेम टाकले की ती चित्राच्या आधीच टोकाला पोचते. म्हणून जिला फिरवायचं तिला मी आधी मोनो करते: क्लिपवर राइट क्लिक, `Clip Attributes`, तिथे `Audio` मध्ये प्रकार मोनो आणि एकच चॅनेल. हा बदल टाइमलाइनवर ठेवायच्या आधी केला तर पुढची धावपळ वाचते.

आता एक शॉट नीट उलगडून सांगते, कारण कीफ्रेम कुठे टाकायचे याचं उत्तर त्यात आहे. मरीन ड्राइव्हवर कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर. समोरून बेस्टची बस डावीकडून उजवीकडे सरळ जाते. लेन कॅमेऱ्यापासून सुमारे १० मीटरवर, लेन्स रुंद, त्यामुळे त्या अंतरावर फ्रेममध्ये साधारण १४ मीटर रस्ता दिसतो. बस १२ मीटर लांब धरा आणि वेग ताशी ३० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. टाइमलाइन सेकंदाला २५ फ्रेमची.

साहजिकच मनात येतं की बसचं नाक फ्रेममध्ये शिरलं की डावा कीफ्रेम, नाक मध्यावर आलं की शून्य, बाहेर गेलं की उजवा. ओळखीचे एक साउंड रेकॉर्डिस्ट आहेत, आम्ही सगळे त्यांना दादाच म्हणतो. मी त्यांना शॉट दाखवला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "अगं, इंजिन मागे आहे ना हिचं?" प्रश्नात सगळं आलं. मागे इंजिन असलेल्या बसचा मोठा आवाज शेपटाकडून येतो. नाक शून्याव्या फ्रेमला शिरतं आणि २१ व्या फ्रेमला मध्यावर असतं. इंजिन मात्र ३६ व्या फ्रेमला कुठे चित्रात येतं, ५७ व्या फ्रेमला मध्यावर पोचतं आणि ७८ व्या फ्रेमला बाहेर जातं. नाकाच्या मागे लागलात तर आवाज जवळजवळ दीड सेकंद पुढे पळतो. बस अजून समोरून सरकतेय आणि घरघर उजवीकडे निघून गेलेली, असं ऐकू येतं. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी चुकलंय हे कळतं.

म्हणून माझे कीफ्रेम असे: ३६ व्या फ्रेमला उणे ६०, ५७ व्या फ्रेमला शून्य, ७८ व्या फ्रेमला ६०. चित्रात असेपर्यंत बस सारख्या वेगाने सरकते, तेव्हा या टप्प्यात सरळ रेषाच बरोबर, ईज लावून सुरुवात-शेवट हळू करायची गरज नाही. फ्रेमबाहेरची गोष्ट वेगळी. लांब असलेल्या गाडीची आपल्या कानाशी होणारी दिशा हळू बदलते, समोरून जाताना झपकन बदलते, पुन्हा हळू होते. त्यामुळे शून्याव्या फ्रेमला उणे ८० आणि ११४ व्या फ्रेमला ८० असे आणखी दोन टाकले. बाहेरच्या ३६ फ्रेममध्ये आवाज फक्त २० ने हलतो आणि आतल्या २१ फ्रेममध्ये ६० ने. फरक याच चढउतारात आहे. दोन टोकांना दोनच कीफ्रेम ठेवले की आवाज सरकत्या पट्ट्यावर ठेवल्यासारखा एकसुरी जातो.

पाचपेक्षा जास्त कीफ्रेम मी सहसा टाकत नाही. डोळ्याला बस दिसत असली की कान थोडाफार फरक पोटात घालतो, आवाज दिसणाऱ्या जागेकडे आपोआप ओढला जातो. दर चार फ्रेमला बसची जागा मोजून कीफ्रेम टाकणारे लोक मी पाहिलेत. त्या मेहनतीतून फक्त आवाजात लडखडणं येतं.

सगळ्यात जास्त त्रास दिला तो पार्श्वभूमीने. बसच्या त्याच क्लिपमध्ये लाटा आहेत, कावळे आहेत, मागच्या टॅक्सीचे हॉर्न आहेत. बस फिरवली की अख्खा अरबी समुद्र तिच्याबरोबर उजवीकडे निघतो. ओळखायचं कसं? बसकडे लक्ष न देता फक्त कावळे ऐकायचे. ते सरकत असतील तर काम बिघडलंय. उपाय रेकॉर्डिंगच्या वेळीच करावा लागतो. बस शॉटगन माइकने, मोनोमध्ये, जितकी जवळून आणि मोकळी मिळेल तितकी घ्यायची. कोणी जवळून जात नसताना त्याच जागेचा दोन-तीन मिनिटांचा स्टिरिओ अँबियन्स वेगळा घ्यायचा. अँबियन्स वेगळ्या ट्रॅकवर, कीफ्रेमशिवाय. फिरते ती फक्त बस. जुन्या फुटेजमध्ये हे वेगळं करता येत नसेल तर मी पॅन ३० च्या आतच ठेवते आणि समाधान मानते.

पॅनच्या जोडीला आवाजाची पातळीही बघावी लागते. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. ४० मीटरवरची बस १० मीटरवरच्या बसपेक्षा साधारण १२ डेसिबलने हळू. कॅमेऱ्याजवळच टिपलेल्या आवाजात हा चढउतार आलेलाच असतो, त्यावर व्हॉल्यूमचे कीफ्रेम टाकू नका. स्टुडिओच्या संग्रहातला सलग इंजिनचा आवाज लावला असेल तर मात्र टाकावेच लागतात, नाहीतर बस सरकते पण जवळ येतच नाही.

बस चित्रात असताना ±६० वरच का थांबते, हे बऱ्याच जणांनी विचारलं. आपले प्रेक्षक लोकलमध्ये उभ्याने व्हिडिओ बघतात, आणि गर्दीत एकच इअरफोन कानात असतो, कारण दुसऱ्या कानाने स्टेशन ऐकायचं असतं. पूर्ण १०० वर नेलेली बस त्यांच्यासाठी अर्धा वेळ मुकी होते. नेहमीच्या पॅनमध्ये, म्हणजे जिथे मध्यावर दोन्ही बाजू ३ डेसिबलने खाली असतात तिथे, ६० वर दुसऱ्या बाजूला आवाज सुमारे १० डेसिबलने कमी उरतो. कमी, पण ऐकू येतो. एकाच स्पीकरच्या फोनवर डावं-उजवं एकत्र होऊन फिरणं नाहीसं होतं आणि मध्यावर बस थोडी मोठी वाटते, ते तर उलट शोभतं. बॅलन्सवाल्या स्टिरिओ क्लिपवर मात्र असे दोन चॅनेल एकत्र झाले की कडेला आवाज ६ डेसिबलपर्यंत पडू शकतो. म्हणून शेवटी एकदा सगळं मोनोमध्ये ऐकते. शिवाय ६० वर फोनच्या छोट्या पडद्याशी आवाज जुळतोही जास्त. हेडफोनवर १०० म्हणजे पार कानाच्या आत, बस तर तळहातावर दिसतेय.

माणसांचं थोडक्यात. शिवाजी पार्कच्या कट्ट्यासमोरून चालत जाणाऱ्या आजोबांची पावलं मी ±४० पर्यंत नेते, छान वाटतं. ते बोलू लागले की आवाज मध्यावर. संवाद फिरवला तर पुढच्या क्लोजअपला तो उडी मारून मधे येतो, आणि प्रेक्षक गोष्ट सोडून आवाज शोधू लागतो. दोन माणसं लांबच्या शॉटमध्ये चालत बोलत असतील तर फार तर १५.

कटचा प्रश्न गाड्यांनाही आहे. पहिल्या शॉटमध्ये बस उजवीकडे गेली, पुढचा शॉट रस्त्याच्या पलीकडून घेतलेला, तिथे तीच बस उजवीकडून डावीकडे. कटच्या फ्रेमवर आवाज एका क्षणात बाजू बदलतो आणि ते झोंबतं. अशा वेळी दोन वेगळ्या क्लिप, प्रत्येकीचे स्वतःचे कीफ्रेम, आणि कटच्या आसपास दोन्हीकडे पॅन २० च्या आत आणते. बस चित्रात कडेला असली तरी चालतं.

लोकलला मात्र हे तंत्र अपुरं पडतं. फलाटाच्या टोकाला उभं राहून येणारी गाडी घेतली तर ती बराच वेळ मध्याजवळच एक ठिपका असते आणि शेवटच्या सेकंदात बाजूने झपकन निघते, तेव्हा कीफ्रेमही त्या शेवटच्या सेकंदातच दाटीने हवेत. पण पुढचा डबा गेला म्हणून आवाज गेला असं होत नाही, मागे अकरा डबे असतात. तिथे मी मोटरमनच्या डब्याचा हॉर्न आणि पहिला धडाडा मोनोमध्ये फिरवते, आणि बाकी चाकांचा खडखडाट रुंद स्टिरिओमध्ये न हलवता शेवटचा डबा जाईपर्यंत राहू देते.