आप्पांची पेन्शन लागायच्या आत आईचे १८,५०० गेले

खानापूर, निपाणी, बेळगावकडच्या कारखान्यांतून रिटायर झालेल्यांच्या घरच्यांनी हे वाचा. पीएफ ऑफिसच्या दारात झेरॉक्सवाल्याजवळ बसणाऱ्या एजंटाच्या हाती एक कागदही देऊ नका.

आप्पांना ३१ मेला ५८ पूर्ण झाली. कंपनीनं ईपीएस-९५ या पीएफच्या पेन्शन योजनेचा १०-डी फॉर्म पुढे पाठवला आणि पेन्शनचा पहिला हप्ता यायच्या आत, ३१ ऑगस्टला, आप्पा गेले. एजंट आईला म्हणाला, "मावशी, पैसे यायच्या आत माणूस गेला म्हणजे पेन्शन बुडाली. पण विम्याचे ७ लाख मी काढून देतो." मृत्यू दाखल्यातलं नाव आधारशी जुळत नव्हतं. ते दुरुस्त करायला ४,५०० रोख घेतले, 'विम्याच्या फाइली'चे १४,००० फोनवरून, आणि कोऱ्या फॉर्मवर आईची सही. नंतर फोन बंद.

तो '७ लाख' म्हणाला तिथंच कान टवकारायला हवे होते! ईडीएलआय, म्हणजे पीएफसोबतचा विमा, नोकरीत असताना मृत्यू झाला तरच मिळतो. आप्पांचा निरोपाचा नारळ तीन महिने आधीच देऊन झाला होता. पण दहावं-बारावं उरकून नुकते बसलेलो, कन्नड-इंग्रजी कागदांचा गठ्ठा समोर. कुणाला सुचणार होतं?

आणि पेन्शन बुडतच नाही. ५८ पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मृत्यूपर्यंतची रक्कम थकबाकी म्हणून वारसाला मिळते. आप्पांची पेन्शन ३,४२० बसली, म्हणजे तीन महिन्यांचे १०,२६०. त्यापुढे आईला निम्मी, १,७१० दरमहा. एजंटानं थकबाकीपेक्षा जास्त खाल्लं!

यासाठी आईच्या नावानं नवा १०-डी भरावा लागतो, विधवा पेन्शनचा. तो शेवटच्या कंपनीमार्फत जातो, कंपनी बंद असेल तर बँक मॅनेजर किंवा राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीनं. सोबत मृत्यू दाखला, आधार, आईचं पासबुक. फी एक रुपयाही नाही. आप्पांचा जुना अर्ज चालू आहे म्हणून गप्प बसू नका, मृत्यूची लेखी खबर देऊन पोच घ्या. नाहीतर पैसे मयताच्या खात्यावर जमा होतात आणि परत मागवले जातात.

हे काउंटरवर पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर! तिथला माणूस मान वर न करता 'पेंडिंग आहे' म्हणतो. कंपनी म्हणते, 'आम्ही पाठवलंय.' एजंट रोज ज्या दारात उभा असतो त्या दाराच्या शिपायाला तो माहीतच नाही म्हणे! आणि पोलीस? "तुम्हीच खुशीनं दिले ना?" आई मराठीत सांगत होती, लिहिणारा कन्नडमध्ये लिहीत होता, आणि काय लिहिलं ते वाचूनही दाखवलं नाही. फोनवरून पैसे गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरवर कळवा, आम्हाला ते उशिरा कळलं.

दाखल्यातली दुरुस्ती जिथं मृत्यूची नोंद झाली त्याच कार्यालयात होते. ती आम्ही स्वतः करून घेतली. आईचा नवा फॉर्म कंपनीच्या शिक्क्यासह गेलाय आणि यावेळी पोचपावती माझ्याकडे आहे.