चेक हातात 24 तारखेला, व्याज मात्र 6 तारखेपासून

लातूरला जुना फ्लॅट घेतला. कर्ज 18 लाख, व्याज साडेनऊ टक्के, हप्ता 16,778 रुपये, पहिला हप्ता 5 ऑगस्ट 2025 ला. कर्ज सुटल्यापासून 5 जुलैपर्यंतच्या दिवसांचं व्याज, म्हणजे प्री-ईएमआय, वेगळं लागेल हे माहीत होतं आणि मान्यही होतं. पैसे वापरले तर व्याज द्यायलाच पाहिजे.

5 जुलैला खात्यातून 13,586 रुपये कटले. 18 लाखांचं एका दिवसाचं व्याज साधारण 468 रुपये 49 पैसे होतं. चेक मला 24 जूनला मिळाला, तिथून 5 जुलैपर्यंत 11 दिवस, म्हणजे 5,153 रुपये. यांनी 29 दिवसांचे घेतले! चेकवर तारीख 6 जूनची होती. ते 18 दिवस चेक बँकेच्याच कपाटात होता आणि 8,433 रुपये माझ्याकडून वसूल झाले.

ती तारीख मी रजिस्ट्री ऑफिसात पाहिली होती, याचीच चीड येते. विचारलं पण होतं. बँकेचा माणूस म्हणाला, "काळजी करू नका, चेक तीन महिने चालतो." मी चेक वटण्याचं विचारत नव्हतो! पण समोर विक्रेता बसलेला, साक्षीदार खोळंबलेले, टोकनचा नंबर लागलेला. तिथं व्याजाचा हिशोब कोण मांडत बसणार? दस्त 24 लाच होणार हे बँकेला आधीपासून ठाऊक होतं, मग चेक 6 ला काढलाच कशाला?

शाखेत गेलो तर "सिस्टीमच तसं घेते". मॅनेजर म्हणाले, विभागीय कार्यालयात विचारा. तिथले साहेब म्हणाले, शाखेतूनच अर्ज आला पाहिजे. कस्टमर केअरनं तक्रार नोंदवली आणि मला न विचारताच "निकाली" म्हणून बंद केली. रिझर्व्ह बँकेचं 29 एप्रिल 2024 चं परिपत्रक पुढं ठेवलं. चेकच्या तारखेपासून व्याज लावून चेक उशिरा देणं हा प्रकार त्यात नाव घेऊन चुकीचा ठरवलाय आणि जादा घेतलेलं परत करायला सांगितलंय. मॅनेजरनं ते उलटूनसुद्धा पाहिलं नाही. ग्राहकाचा हप्ता एक दिवस चुकला तर मात्र यांना लगेच दंड आठवतो.

चेक घेताना पोच द्या आणि सहीखाली त्या दिवसाची तारीख स्वतःच्या हातानं लिहा. माझ्याकडं तेवढा एकच कागद कामाचा निघाला. जमलं तर चेक नकोच, दस्ताच्या दिवशी थेट विक्रेत्याच्या खात्यात ऑनलाइन पाठवायला सांगा. कर्जखात्याचा उतारा काढा, रक्कम कोणत्या तारखेला नावे पडलीय ते बघा. आणि पहिल्या हप्त्यातलं व्याज तपासा. माझ्या कर्जात ते एका महिन्याचं, 14,250 रुपये, यायला हवं होतं आणि तेवढंच आलं. तुमच्याकडं एका महिन्याहून जास्त दिसलं, तर प्री-ईएमआयचे दिवस परत एकदा मोजलेत.

बँकेकडं लेखी तक्रार देऊन 30 दिवस उत्तर आलं नाही, की cms.rbi.org.in वर लोकपालाकडं जाता येतं. माझे 30 दिवस झालेत, पोच आणि उतारा जोडून तक्रार टाकलीय. 8,433 रुपये सोडणार नाही.