नाव, फोटो, कॉलेज झाकून भरती: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

रिन्युअलचं बिल आलंय म्हणून लिहायला बसले. बायोडेटावरचं नाव, फोटो, कॉलेज, पत्ता झाकून फक्त नंबर दाखवणारं सॉफ्टवेअर आम्ही आठ महिने वापरलं. मी कुपवाड एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये भरतीचं काम बघते. महिन्याला साडेतीन हजार म्हणजे आमच्यासारख्या शॉपला लहान रक्कम नाही, त्यामुळे पैशाचा हिशोबही यात येणार.

आधी काळ्या पट्टीबद्दल, कारण भांडण तिथूनच सुरू झालं. क्वालिटी इन्स्पेक्टरच्या 2 जागांसाठी 86 अर्ज आले होते. आमचे प्रॉडक्शन मॅनेजर गुण देत बसले होते. एका अर्जातला अनुभवाचा मजकूर आपल्या वहीत घ्यायचा म्हणून त्यांनी Ctrl+A करून सगळं कॉपी केलं आणि नोटपॅडमध्ये टाकलं. मला हाक मारली, "मॅडम, ह्यात तर नाव दिसतंय की!" नाव, कॉलेज, मोबाइल नंबर, सगळं होतं. पीडीएफवर काळा चौकोन काढला होता, खालची अक्षरं पुसलीच नव्हती. शिवाय फाइल डाउनलोड केली की तिचं नाव उमेदवारानं ठेवलेलंच राहायचं, म्हणजे आडनावासकट.

सर्व्हिसवाल्यांना फोन केला तर म्हणाले, स्क्रीनवर दिसत नाही ना, मग झालं. झालं कसं? झाकणं आणि काढून टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीन आठवडे पाठपुरावा केल्यावर त्यांनी पानाचं चित्र करून द्यायला सुरुवात केली, तेव्हा कॉपी बंद झाली. तुम्ही असं काही घेणार असाल तर पहिल्या दिवशी पट्टीवरून माउस ओढून बघा आणि फाइलचं नाव वाचा. मी हे केलं नव्हतं.

तेव्हा माझं मत असं होतं की पट्टी पक्की झाली की काम संपलं. आता तसं वाटत नाही.

नाव झाकल्यानं फायदा झाला, हे मी स्वच्छ सांगते. आपल्याकडे आडनाव वाचून माणूस ओळखायची सवय सगळ्यांनाच आहे, मलाही. 2007 साली सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यांनी सारख्या शिक्षणाचे अर्ज फक्त नावं बदलून खासगी कंपन्यांना पाठवले, तर दलित आणि मुस्लिम नावांना कमी बोलावणी आली. आमच्या पहिल्या यादीत यावेळी तीन मुली होत्या. शॉपफ्लोअरच्या जागेसाठी असं आमच्याकडे आधी झालं नव्हतं. पण नाव गेलं तरी खुणा उरतात. एकीच्या बायोडेटात शाळा म्हणून कन्या प्रशाला होती, एकाच्या भाषांमध्ये उर्दू होती, एकानं शिष्यवृत्तीचं नाव लिहिलं होतं. यंत्राला ते कळत नाही, वाचणाऱ्याला क्षणात कळतं. मापं घेण्याच्या कामाला यातलं काहीच लागत नाही, म्हणून ते हातानं काढावं लागलं.

कॉलेज झाकल्यावर वेगळीच अडचण आली. एकाचे 8.9 सीजीपीए आणि दुसऱ्याचे 6.8, बघणारा 8.9 ला वर ठेवणारच. पण एक ऑटोनॉमस कॉलेजचा, जिथं पेपर कॉलेजच काढतं आणि तपासतं, आणि दुसरा विद्यापीठाच्या परीक्षेचा. कॉलेज दिसत होतं तेव्हा आम्ही मनातल्या मनात हा फरक धरायचो, कधी बरोबर, कधी निव्वळ ओळखीतल्या कॉलेजच्या ओढीनं. झाकल्यावर चुकीची ओढ गेली आणि फरक धरायची सोयही गेली. उरला तो एक आकडा, ज्याची पट्टी प्रत्येकाची वेगळी.

म्हणून आम्ही गुणांचा रकानाच काढला आणि वीस मिनिटांची लेखी चाचणी ठेवली. एक प्रश्न सांगते. ड्रॉइंगवर बोअर, म्हणजे भोकाचा आतला व्यास, 40 H7 आहे, व्हर्नियरवर 40.02 आलं, पार्ट पास की रिजेक्ट? 40 H7 ची हद्द 40.000 ते 40.025. त्यामुळे बरेच जण पास लिहून मोकळे झाले. पण व्हर्नियरचा लीस्ट काउंट, त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, हेच 0.02 मिलिमीटर, म्हणजे खरं माप हद्दीच्या आत आहे की बाहेर हे त्यानं ठरवताच येत नाही. बोअर गेज किंवा गो-नो गो प्लग गेज हवा. हे ज्यानं लिहिलं त्याला काम येतं. चांगले सीजीपीए असलेल्या काहींना ते सुचलं नाही आणि जॉबवर्कच्या शेडमध्ये दोन वर्षं काढलेल्या एका मुलीनं दोन ओळींत लिहिलं. तिला आम्ही घेतलं.

आता उमेदवार 31. त्याच्यामुळेच माझं मत पालटलं. त्याच्या डिप्लोमात 2019 पासून एक वर्ष रिकामं होतं. मॅनेजरसाहेबांनी आणि मी वेगवेगळे गुण दिले, दोघांनीही दहापैकी चार. 'अभ्यासात सातत्य नाही' असं मी स्वतः लिहिलं. चाचणीला बोलावलंच नाही. नंतर नकाराचे मेसेज पाठवायला नावं उघडली तेव्हा पत्ता दिसला, पलूस तालुक्यातलं नदीकाठचं गाव. ऑगस्ट 2019 च्या पुरात त्या पट्ट्यात काय झालं हे सांगलीकराला सांगावं लागत नाही. मी फोन केला. "घरात पाणी होतं मॅडम, दोन म्हशी गेल्या. वर्षभर वडिलांच्या हाताखाली राहिलो, मग परत ॲडमिशन घेतलं," तो म्हणाला. पत्ता समोर असता तर मी त्या रिकाम्या वर्षावर थांबलेच नसते. त्याला चाचणीला या म्हटलं, पण तो तोवर शिरोलीला लागला होता.

हे आमच्यापुरतं नाही. फ्रान्समध्ये सरकारी रोजगार सेवेनं अशाच निनावी बायोडेटांचा प्रयोग केला होता, त्याचे निष्कर्ष 2015 मध्ये छापून आले. स्थलांतरित कुटुंबांतल्या आणि गरीब वस्त्यांतल्या उमेदवारांना निनावी पद्धतीत मुलाखतीची संधी उलट कमी मिळाली. त्यात कंपन्या स्वखुशीनं आल्या होत्या, म्हणजे आधीपासून समजून घेणाऱ्या असाव्यात. नाव-पत्ता बघून त्या अर्जातली खोट माफ करत, तेच आता बंद झालं, असं त्याचं एक कारण संशोधकांनी मांडलं. ज्या मालकाच्या मनात अढी आहे तिथं झाकण्याचा उपयोग होतो. जिथं कुणी समजून घेत होतं, तिथं ते समजून घेणंही झाकलं जातं.

म्हणून आता बायोडेटा मागवायचाच नाही असं ठरवलंय. साधा फॉर्म असेल: काय काम केलं, कुठल्या मशीनवर, कुठली मापनसाधनं हाताळली आणि 'शिक्षणात किंवा नोकरीत खंड असल्यास कारण, गावाचं नाव न लिहिता'. पूर, बाळंतपण, घरचं आजारपण, काहीही. नाव वेगळ्या पानावर, त्यावर नंबर, आणि ती पानं अकाउंट्सच्या कपाटात. एक्सेलवर हे फुकटात होतं. रिन्युअल करणार नाही, तसं कालच कळवलं.

मुलाखतीचं मात्र अजून सुटलेलं नाही. दार उघडून माणूस आत आला की झाकलेलं सगळं समोर बसतं आणि आमच्या मालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "गाव कुठलं?" मी दोनदा बोलले, ते म्हणतात माणूस मोकळा होतो त्यानं. सध्या एवढंच जमलंय की चाचणीचे गुण मुलाखतीच्या आदल्या दिवशी शाईनं लिहून, त्यावर मालकांची सही घेऊन पाकीट बंद करते. मुलाखतीनंतर यादीचा क्रम बदलायचा असेल तर त्यांना कारण त्याच पाकिटावर लिहावं लागतं.