पत्र्याच्या छतावरची धग: साधा कॅमेरा की थर्मल?

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या गुळाच्या गोदामाची आग विझली असं समजा. ज्वाळा नाहीत, पण बारदानाच्या थप्पीत निखारा धुमसतोय. ड्रोनचा साधा कॅमेरा फाटलेला पत्रा, छत पेलणारी वाकलेली कैची आणि धूर निघणारी फट स्वच्छ दाखवतो. छतावर पाय कुठे ठेवायचा नाही, हे त्यावरूनच ठरवावं. धग मात्र त्याला दिसत नाही.

थर्मल कॅमेऱ्याला धग दिसते, पण पत्र्यावर तो हमखास फसतो. चकचकीत पत्रा आभाळाचं प्रतिबिंब दाखवतो, म्हणून तापलेला असूनही थंड दिसतो. शेजारचा गंजलेला तुकडा तेवढाच तापलेला, पण स्क्रीनवर लखलखतो. तेव्हा तापमानाच्या आकड्यावर विसंबू नका. ड्रोन तीन-चार मीटर बाजूला घ्या. डाग सरकला तर ते प्रतिबिंब. जागेवर राहिला तर तिथे पाण्याचा फवारा मारा आणि थांबा. काही मिनिटांत तोच डाग पुन्हा उजळला, तर खाली निखारा आहेच. दुपारी मात्र ही फेरी वाया जाते, उन्हाने सगळंच छत तापलेलं असतं. पहाटे, सूर्य उगवण्याआधी उडवा.

आम्ही आधी साधा कॅमेरा फिरवू, मग थर्मल.